जन्मदाखल्यावरच्या दोन तारखा: लेकीच्या अपात्रतेविरुद्ध केलेलं अपील

ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या लेकीला एका आंतरशालेय मैदानी स्पर्धेतून वयाच्या कारणावरून अपात्र ठरवण्यात आलं. स्पर्धा नागपुरातल्या एका क्रीडा संघटनेची होती, गट चौदा वर्षांखालील मुलींचा आणि प्रकार उंच उडी. आम्ही संघटनेकडे अपील केलं आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल तिच्या बाजूने लागला. असं अपील कोणी करायचं, त्याला काय जोडायचं, किती दिवसांत करायचं, याबद्दल त्या दिवसांत मी रात्र रात्र शोधलं, पण मराठीत काही हाती लागलं नाही. म्हणून घडलं तसं लिहून ठेवतेय. संघटना, शाळा, माणसं यांपैकी कुणाचंही नाव घेणार नाही.

स्पर्धेच्या परिपत्रकात वयाच्या दोन अटी होत्या. पहिली, खेळाडूचा जन्म १ जानेवारी २०११ रोजी किंवा त्यानंतर झालेला असावा. लेकीचा जन्म १९ फेब्रुवारी २०११ चा, म्हणजे जेमतेम दीड महिन्याने ती या गटात बसत होती. दुसरी अट अशी की जन्माची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत झालेली असावी, उशिराची नोंद असलेला दाखला धरला जाणार नाही. ही दुसरी अट वयचोरी रोखण्यासाठी असते आणि ती योग्यच आहे. मुलगा चांगला खेळतो असं दिसल्यावर दोन-तीन वर्षं कमी दाखवून नव्याने नोंद करून घेणारे पालक आहेत, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक असतं. आमचं सगळं प्रकरण या दुसऱ्या अटीभोवती फिरलं.

रविवार, २५ ऑगस्ट. सकाळी पाऊस पडून गेला होता, धावण्याचा पट्टा ओला होता, म्हणून उंच उडी दुपारवर ढकलली. १.२५ मीटरनंतर दोघीच उरल्या. १.२८ ला दुसरी मुलगी तिन्ही प्रयत्नांत अडकली. लेक दुसऱ्या प्रयत्नात गेली, बार किंचित हलला आणि जागेवरच राहिला. निकाल पुकारला गेला. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने माइकवरून तिचा चेस्ट नंबर पुन्हा पुकारून सांगितलं की सदर खेळाडू वयाच्या कारणावरून अपात्र, दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला पहिला क्रमांक देण्यात येत आहे. ती तेव्हा माझ्या शेजारी बसून डबा खात होती. घास तोंडात तसाच धरून तिने विचारलं, "आई, मी खरंच चौदाच्या आतली आहे ना?"

ती पाच फूट सहा इंच आहे. मी पण उंच आहे, माझी आईही होती. "ही चौदाची वाटत नाही" हे तिने पाचवीपासून ऐकलंय. पण माइकवरून, सगळ्या शाळांसमोर, असं पहिल्यांदाच झालं. आजूबाजूच्या मुली तिच्याकडे पाहत होत्या. मला त्या क्षणी भांडायचं होतं आणि तिला घरी जायचं होतं. आम्ही घरी गेलो.

जाण्याआधी आमच्या क्रीडाशिक्षकांनी एक फार मोलाचं काम केलं. ते टेबलाजवळ गेले आणि निर्णय लेखी मागितला. तिथले पदाधिकारी म्हणाले, "सर, माइकवर सांगितलं न जी, आता लेखी काऊन पाहिजे?" सरांनी हुज्जत घातली नाही. शाळेकडून उद्या पत्र येईल, एवढं सांगून ते निघाले. तोंडी निर्णयाविरुद्ध अपील करता येत नाही, कारण कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या कागदावरून अपात्र ठरवलं हेच माहीत नसतं. मग आपण हवेत उत्तरं देत बसतो. मी त्या रात्री तेच करत होते: आधार, शाळेचं ओळखपत्र, लसीकरणाचं कार्ड, सापडेल ते कपाटातून काढून पलंगावर मांडलं होतं. आधारचा इथे उपयोग नाही हे मला नंतर कळलं. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असं आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

सोमवारी शाळेच्या लेटरहेडवर पत्र गेलं. त्यात तीनच गोष्टी मागितल्या होत्या: अपात्रतेचा लेखी आदेश आणि ज्या नियमाखाली तो दिला त्याचा क्रमांक, आमच्याविरुद्ध आलेल्या हरकतीची प्रत, आणि अपिलाची मुदत व शुल्क. पत्राच्या दोन प्रती नेल्या, एकीवर तारखेसह पोच घेतली. पोच देणारा म्हणाला, सचिव आल्यावर सही करतो. सर तिथेच बसून राहिले आणि सही घेऊनच परतले.

इथे एक अडचण आली, जी बहुतेक पालकांना येईल. या संघटनेच्या नियमांत अपील करण्याचा अधिकार शाळेला होता, पालकांना नव्हता. प्रवेशिका शाळेने भरलेली, त्यामुळे खेळाडू कागदोपत्री शाळेचा. मी कितीही अर्ज केले असते तरी मुख्याध्यापिकांच्या सहीशिवाय ते दप्तरी लागले नसते. मॅडम आधी कचरत होत्या. संघटनेशी वाकडं झालं तर बाकीच्या मुलांना पुढे त्रास होईल, ही त्यांची भीती खरी होती आणि मी ती हसण्यावारी नेली नाही. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, अपिलात कुणावर आरोप नसेल. एक कागद चुकीचा वाचला गेलाय का, एवढंच विचारू." मसुदा आधी दाखवायचा या अटीवर त्या तयार झाल्या. तेव्हा मला हरकतीत काय आहे हे माहीतसुद्धा नव्हतं.

लेखी आदेश शुक्रवारी, ३० ऑगस्टला मिळाला. सोबत हरकतीची प्रत होती. हरकत तीन ओळींची: खेळाडूचा जन्मदाखला १४ जून २०१७ चा आहे, जन्म २०११ चा दाखवला आहे, म्हणजे नोंद सहा वर्षांनी केलेली असून परिपत्रकातील अटीनुसार खेळाडू अपात्र आहे. आदेशात तेवढंच मान्य केलं होतं. अपिलाची मुदत लेखी आदेश मिळाल्यापासून सात दिवस आणि शुल्क १,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट, निर्णय बाजूने लागल्यास परत.

मी दाखला पुढे घेतला आणि शांतपणे, ओळीओळीने वाचला. आपण जन्मदाखल्यावर नाव आणि जन्मतारीख बघतो, बाकी कधी वाचत नाही. खालच्या भागात डावीकडे नोंदणी क्रमांक असतो, त्याच्याजवळ नोंदणीचा दिनांक. मग शेरा. आणि अगदी खाली, सही-शिक्क्याजवळ, प्रमाणपत्र दिल्याचा दिनांक. आमच्या दाखल्यावर नोंदणीचा दिनांक ३ मार्च २०११ होता, म्हणजे जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आत. १४ जून २०१७ ही प्रमाणपत्र दिल्याची तारीख होती. हरकत घेणाऱ्यांनी खालची तारीख वाचली आणि तीच नोंदीची तारीख धरली. झेरॉक्समध्ये वरची तारीख शिक्क्याच्या शाईखाली अर्धी झाकली गेली होती, त्यामुळे मैदानावर घाईत ती दिसली नसेल, हेही मला मान्य आहे.

मग २०१७ मध्ये दाखला का काढला? तर दवाखान्यात जन्मलेल्या मुलाची नोंद दवाखानाच महापालिकेकडे पाठवतो. तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून नावाचा रकाना कोरा राहतो आणि पहिला दाखला नावाशिवायच मिळतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ मध्ये नाव नंतर घालण्याची सोय आहे: एका वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. आमच्यासारख्या अनेकांना पहिलीच्या प्रवेशाला नावाचा दाखला लागतो तेव्हा जाग येते. लेकीचं नाव आम्ही जून २०१७ मध्ये घातलं आणि त्या दिवशीची तारीख खाली छापली गेली. नाव नंतर घातल्याने नोंद नवी होत नाही, नोंदणी क्रमांक तोच राहतो. उशिराची नोंद ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची झाली तर तिला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

एवढं समजल्यावर माझा जीव भांड्यात पडला, पण अपिलात "आमची नोंद वेळेतली आहे" असं नुसतं लिहून भागणार नव्हतं. तोच दाखला, त्याच शिक्क्यासह पुन्हा दिला असता तर तो पुन्हा तसाच वाचला जाण्याची भीती होती. हे नोंदणी कार्यालयाने सांगायला हवं होतं.

सोमवारी, २ सप्टेंबरला मी महापालिकेच्या झोन कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणी विभागात गेले. जन्म ज्या झोनच्या हद्दीत झाला तिथेच जावं लागतं, आपण आता राहतो त्या झोनमध्ये नाही. पोळ्याचा दिवस होता, गर्दी कमी होती. खिडकीवरच्या बाबूंना मी दोन कागद मागितले: त्याच नोंदीचा आजच्या तारखेचा नवा दाखला, आणि नोंद कोणत्या दिवशी झाली व नाव कधी घातलं हे सांगणारं निबंधकांच्या सहीचं पत्र. पहिल्याला त्यांनी लगेच हो म्हटलं. दुसऱ्याला म्हणाले, "ताई, असं पत्र कोणी मागत नाही. दाखल्यावर सगळं आहेच न." मी त्यांना हरकतीची प्रत वाचायला दिली. ती वाचून त्यांनी जुनी नोंदवही काढायला लावली आणि म्हणाले, "अर्ज लिहून द्या, साहेबांची सही घेऊन देतो." अर्जाची पावती घेतली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मारबत, नागपुरात सुट्टी. माझी मुदत ६ तारखेला संपत होती आणि मला घरात बसवत नव्हतं. रस्त्यावरून "घेऊन जा गे मारबत" च्या आरोळ्या येत होत्या, लेक गच्चीवरून बघत होती आणि मी तेवढ्यात तिच्या जुन्या शाळेचे फोन नंबर शोधत होते.

जुन्या शाळेचं काम असं की शालेय स्पर्धांत जन्मदाखल्याबरोबर पहिलीचा निर्गम उतारा मागितला जातो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाच्या वेळी जी जन्मतारीख लिहिली गेली, त्या ओळीची ही साक्षांकित नक्कल. लेक पाचवीत नव्या शाळेत आली, म्हणून पहिलीचं रजिस्टर जुन्या शाळेत. बुधवारी तिथल्या मुख्याध्यापकांनी रजिस्टर काढलं. २०१७ चं पान, तिच्या नावापुढे १९/०२/२०११, आकड्यात आणि अक्षरी. त्या नोंदीत खाडाखोड नव्हती, हे उताऱ्यात शेरा म्हणून लिहून द्या अशी विनंती केली आणि त्यांनी ती मानली. सहा वर्षांच्या मुलीची तारीख तिच्या चौदाव्या वर्षीच्या स्पर्धेसाठी कुणी आधीच बदलून ठेवत नाही, म्हणून या उताऱ्याला वजन असतं.

गुरुवारी महापालिकेचे दोन्ही कागद हाती आले.

याच आठवड्यात संघटनेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सरांना सुचवलं, "हाडांचा एक्सरे काढून टाका, विषयच संपतो." सरांना हे पटलं होतं, मलाही वाटलं की असेल तर करून टाकू. खात्री करावी म्हणून आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला समजावलं ते इथे सांगते, कारण हा सल्ला प्रत्येकाला मिळतो. वय तपासायला डाव्या हाताचा, मनगटासह एक्सरे काढतात. टॅनर-व्हाइटहाउस नावाची पद्धत आहे, तिच्या तिसऱ्या आवृत्तीला टीडब्ल्यू-थ्री म्हणतात. मनगटाजवळची दोन लांब हाडं आणि बोटा-तळव्याची अकरा छोटी हाडं किती पक्व झाली आहेत, याचे गुण मोजून हाडांचं वय काढतात. पण हाडांचं वय आणि जन्मापासूनचं वय यांत निरोगी मुलांमध्येही वर्षभराचा, कधी त्याहून जास्त फरक असतो. लवकर वयात आलेल्या, उंच मुलींची हाडं पुढे असतात. डॉक्टर म्हणाले, "सतरा वर्षांची मुलगी तेरा म्हणून उभी केली असेल तर एक्सरे ते पकडेल. तुमचा प्रश्न दीड महिन्याचा आहे. तो एक्सरेत दिसूच शकत नाही."

माझ्यासाठी हे फार महत्त्वाचं ठरलं. एक्सरे काढून हाडांचं वय साडेचौदा निघालं असतं, तर खरी जन्मतारीख असूनही तो कागद आमच्या विरुद्ध फाइलमध्ये कायमचा राहिला असता. म्हणून अपिलात आम्ही एवढंच लिहिलं की समितीने लेखी आदेश दिल्यास वैद्यकीय तपासणीला आमची हरकत नाही, मात्र हरकत नोंदणीच्या तारखेबद्दल असल्याने तिचा निर्णय नोंदणीच्या कागदांवरूनच व्हावा. स्वतःहून एक्सरे जोडला नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करा असंही काहींनी सुचवलं होतं, तेही केलं नाही. माझ्या लेकीचं वय मी शपथेवर सांगितल्याने पुरावा वाढत नाही.

अपील दीड पानाचं झालं. पहिल्या परिच्छेदात आदेश, त्याचा दिनांक आणि तो आम्हाला कधी मिळाला. दुसऱ्यात हरकतीतलं वाक्य जसंच्या तसं, आणि लगेच त्याखाली तीन कागदांवरून त्याचं उत्तर. तिसऱ्यात एक तांत्रिक मुद्दा, जो सरांनी काढला. ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूच्या पात्रतेबद्दलची हरकत स्पर्धा सुरू होण्याआधी घ्यायची असते. तेव्हा निकाल लागला नाही तर खेळाडू "हरकतीसह" खेळतो आणि निर्णय नंतर होतो. आमच्याबाबतीत हरकत प्रकार संपून निकाल पुकारल्यावर आली होती. हा मुद्दा आम्ही लिहिला, पण शेवटी लिहिला. त्या एका मुद्द्यावर जिंकलो असतो तर "वेळेत हरकत घेतली नाही म्हणून सुटली" असं तिच्या मागे राहिलं असतं, आणि ते मला नको होतं.

आणि चौथा परिच्छेद, ज्याचं महत्त्व मला शेजारच्या वकील काकांनी दाखवून दिलं. राज्य पातळीवरच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या प्रवेशिका २३ सप्टेंबरपर्यंत जायच्या होत्या. सुनावणी त्यानंतर झाली असती तर निकाल बाजूने लागूनही त्याचा काही उपयोग नव्हता. म्हणून काकांनी वेगळी विनंती घालायला लावली: अपिलाचा निर्णय होईपर्यंत उंच उडीची निवड यादी अंतिम करू नये, किंवा लेकीचं नाव निर्णयाच्या अधीन राहून पाठवावं. ते म्हणाले, "अपील करताना माणसं न्याय मागतात आणि वेळ मागायला विसरतात." मॅडमनी मसुदा वाचला, दुसऱ्या शाळेबद्दलचा एक शब्द मवाळ केला आणि सही केली.

शुक्रवारी, ६ सप्टेंबरला दुपारी सरांनी आणि मी अपील दिलं. गणपती दुसऱ्या दिवशी, संघटनेचं कार्यालय लवकर बंद होण्याच्या बेतात होतं. पानांना क्रमांक, जोडपत्रांना अ, ब, क, आणि डीडीचा क्रमांक अर्जातच लिहिलेला. आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतली. नवा दाखला, पत्र, उतारा, झेरॉक्स, डीडीचं बँक शुल्क असा सगळा खर्च धरूनही शुल्काचे हजार सोडता पाचशेच्या आतच राहिला.

त्यानंतरचा आठवडा कठीण गेला. लेकीने मैदानावर जायचं थांबवलं होतं. सराव नको म्हणाली नाही, पण रोज संध्याकाळी काही ना काही अभ्यास निघायचा. वर्गात एका मुलीने तिला "खरं वय सांग ना" असं विचारलं होतं, हे तिने मला चार दिवसांनी सांगितलं. मी तिला तिचे सगळे कागद दाखवले, कुठली तारीख कशाची आहे ते समजावलं. तिने दोन्ही दाखले बराच वेळ धरून पाहिले आणि म्हणाली, "मग हे त्यांना का नाही दिसलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या सरांनी मात्र एका संध्याकाळी घरी येऊन तिला सोबतच नेलं आणि ती गेली.

सुनावणी शनिवारी, १४ सप्टेंबरला संध्याकाळी पाच वाजता होती. तीन सदस्यांची अपील समिती. खोलीत शिरल्यावर सरांच्या लक्षात आलं की त्यातले एक जण मैदानावरच्या तांत्रिक समितीतही होते, म्हणजे स्वतःच्याच निर्णयावरचं अपील ते ऐकणार होते. सर अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सर, आपल्याबद्दल आदरच आहे, पण मूळ निर्णयात आपण होता, तर आज आपण फक्त माहिती द्यावी, निर्णयात नसावं, अशी विनंती." क्षणभर सगळे गप्प. मग अध्यक्षांनी मान डोलावली आणि ते गृहस्थही काही न बोलता बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी पुढे प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. विनंती सुनावणीच्या सुरुवातीलाच करावी लागते, निकाल विरुद्ध गेल्यावर केली तर ती कांगावा वाटते.

हरकत घेणारे प्रशिक्षकही आले होते. त्यांनी झेरॉक्स पुढे करून सांगितलं, "यात २०१७ लिहिलंय. मी खोटं बोलत नाही." अध्यक्षांनी आमचे दोन्ही मूळ दाखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एक २०१७ चा, एक आता सप्टेंबरमध्ये काढलेला. दोन्हींवर बोट ठेवत त्यांनी मोठ्याने वाचलं. नोंदणी क्रमांक, दोन्हीकडे तोच. नोंदणी दिनांक ३ मार्च २०११, दोन्हीकडे तोच. दिल्याचा दिनांक, एकीकडे जून २०१७, दुसरीकडे सप्टेंबर २०२४. मग त्या प्रशिक्षकांकडे वळून म्हणाले, "खालची तारीख नोंदीची धरली, तर या नव्या दाखल्यानुसार मुलीची नोंद या महिन्यात झाली असं म्हणावं लागेल." प्रशिक्षकांनी दोन्ही कागद हातात घेतले, स्वतः वाचले आणि म्हणाले, "माझ्याकडची झेरॉक्स अस्पष्ट होती. मूळ पाहिला असता तर हरकत घेतली नसती." मला त्यांचा राग येऊन येऊन संपला तो तिथेच.

समितीने निबंधकांचं पत्र आणि निर्गम उतारा पाहिला. दुसऱ्या सदस्यांनी एक्सरेचा विषय काढला, अध्यक्षांनी आमचा परिच्छेद वाचून तो बाजूला ठेवला. नाव नंतर का घातलं, एवढा एकच प्रश्न मला विचारला. लेकीला आत बोलावलं नाही. ती बाहेर बाकावर सरांच्या मुलीबरोबर बसली होती, आणि तिला आत उभं करून कुणी तिच्या उंचीकडे पाहिलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

आदेश गुरुवारी, १९ सप्टेंबरला शाळेला मिळाला. अपात्रता रद्द, मूळ निकाल कायम, निवड यादीत नाव, शुल्क परत. हरकत समजुतीच्या चुकीतून घेतली गेल्याने हरकत घेणाऱ्या शाळेवर कारवाई नाही, आणि ते मला योग्य वाटलं. यापुढे पात्रतेची हरकत आल्यास मूळ कागद पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, अशी शिफारसही त्यात होती. विरुद्ध गेलं असतं तर पुढची पायरी राज्य संघटना होती. तुमची स्पर्धा संघटनेची नसून सरकारी शालेय क्रीडा स्पर्धा असेल तर हा पत्ता बदलतो. तिथे प्रकरण जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे सुरू होतं, म्हणून आधी परिपत्रकावर आयोजक कोण आहे ते वाचा.

ज्या मुलीला माइकवरून पहिलं घोषित केलं होतं, तिला सुवर्णपदक परत द्यावं लागलं. तिची यात काहीच चूक नव्हती. सरांनी तिच्या शाळेत फोन केला आणि पदकाची अदलाबदल माइकशिवाय, दोन्ही शाळांच्या शिक्षकांसमोर, संघटनेच्या कार्यालयात झाली. दोघी मुली थोड्या अवघडल्या, मग १.२८ च्या उडीबद्दल बोलायला लागल्या. लेकीला अपात्र ठरवल्याची घोषणा सगळ्या मैदानासमोर झाली होती. ती मागे घेतल्याची घोषणा तशी कधी झाली नाही. त्यासाठी आम्ही शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी आदेश वाचून दाखवण्याची विनंती केली आणि मॅडमनी तो स्वतः वाचला.

राज्य स्पर्धेत लेक १.२५ वर थांबली, शेवटच्या आठात आली नाही. आता तिच्या प्रत्येक प्रवेशिकेला आम्ही जन्मदाखल्याची रंगीत, स्वच्छ प्रत जोडतो. नोंदणीच्या दिनांकाखाली पेन्सिलने रेघ ओढतो आणि निबंधकांच्या पत्राची नक्कल मागे लावतो. शुल्काचे हजार रुपये दोनदा स्मरणपत्र दिल्यावर डिसेंबरमध्ये शाळेच्या खात्यावर जमा झाले.